पैठणीचं वजन चित्रात कसं दिसतं?

दिवाळीच्या तोंडावर येवल्यातल्या एखाद्या पैठणीच्या दुकानदाराला काचेमागची मांडणी ठरवायची आहे, असं समजू. पुतळ्याला कोणती साडी नेसवावी, पदर कसा सोडावा, दिवा कुठून टाकावा, हे आधीच नजरेसमोर आलं तर दिवसभराची उलथापालथ वाचेल. म्हणून तो चित्र तयार करून देणाऱ्या एआय साधनाला लिहितो : ‘पुतळ्यावर नेसवलेली सुंदर पैठणी, चमकदार जर, जड रेशीम, अगदी खऱ्या फोटोसारखं.’

चित्र लगेच येतं आणि पहिल्या नजरेला देखणंही वाटतं. साडीची जाण असलेली बाई मात्र ते पाहून मान हलवेल. अंगाचं रेशीम सॅटिनसारखं गुळगुळीत झालेलं असतं. जर टिकल्या शिंपडल्यासारखी सगळीकडे सारखीच चमचमते. काठ निऱ्यांत शिरताना मध्येच नाहीसा होतो आणि पदर ओढणीसारखा हवेत तरंगतो.

दोष ‘जड’, ‘सुंदर’, ‘चमकदार’ या शब्दांत आहे. असं साधन असंख्य चित्रं आणि त्यांच्यासोबतची वर्णनं यांवर तयार केलेलं असतं. ‘सुंदर’ हा शब्द त्यात शिफॉनपासून नायलॉनपर्यंत सगळ्या साड्यांना चिकटलेला असतो. जडपणा तर हातालाच कळतो, फोटोत तो थेट उतरत नाही. चित्रात दिसतो तो जडपणाचा परिणाम, आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे साधनाला दिलेल्या वर्णनात, तोच लिहावा लागतो.

सहावारी पैठणी साधारण अर्धा ते पाऊण किलो भरते, पण हे वजन साडीभर सारखं वाटलेलं नसतं. अंगाचं रेशीम त्या मानाने हलकं, तर जरीचा पदर दाट आणि ताठर. त्यामुळे मोकळा सोडलेला पदर सरळ खाली येतो. त्याला दोन-तीनच रुंद, गोलसर वळ्या पडतात आणि खालची कड जवळजवळ आडव्या रेषेत राहते. शिफॉनला मात्र बारीक बारीक पुष्कळ चुण्या पडतात आणि ते अंगाला चिकटतं. पैठणीच्या निऱ्यांची कड करकरीत दिसते. त्या वर एकावर एक बसलेल्या असतात आणि पायाकडे जाताना जराशा उघडतात. प्रॉम्प्टमध्ये हे एवढं लिहिलं की ‘जड’ हा शब्द वापरायची गरजच उरत नाही.

जरीचं वर्णन याहून नाजूक काम आहे. पारंपरिक जरीत चांदीची चपटी तार रेशमी धाग्याभोवती गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देत. आज बऱ्याच साड्यांत तांब्याच्या तारेची ‘टेस्टेड’ जर असते, स्वस्त मालात प्लास्टिकची. पैठणीच्या पदरात जर आडव्या धाग्यात, म्हणजे बाण्यात, भरलेली असते. हजारो बारीक आडव्या तारा एकाखाली एक असल्या की उजेडाची लकाकी ठिपक्यांत विखुरत नाही. ती तारांना छेदून वळीच्या फुगवट्यावरून उभ्या पट्ट्यासारखी उतरते, आणि लगतच्या खोलगट भागात तीच जर तपकिरी, जवळजवळ काळपट दिसते. चित्रात हा काळपट भाग नसेल तर जर नुसता पिवळा रंग वाटते. समोरून पडलेला सपाट उजेड हा भागच पुसून टाकतो, म्हणून दिवा बाजूचा मागावा. रेशमाची चमक मऊ आणि पसरट असते. अंग धूपछाँव असेल, म्हणजे उभा आणि आडवा धागा वेगवेगळ्या रंगांचा असेल, तर वळीच्या कडेला दुसरा रंग डोकावतो. दोन्ही चमका वेगवेगळ्या सांगितल्या नाहीत तर साधन सगळ्या साडीला एकच तकाकी देतं.

हे सगळं धरून तोच दुकानदार पुन्हा लिहितो :

‘बिनडोक्याचा, मॅट राखाडी रंगाचा पुतळा, समोरून, पूर्ण उंचीत. त्यावर सहावारी पैठणी. पदर पुतळ्याच्या डाव्या खांद्यावरून, म्हणजे चित्राच्या उजव्या बाजूला, पुढे आणून मोकळा सोडलेला. पदर गुडघ्यापर्यंत सरळ लोंबतो, त्याला दोनच रुंद गोलसर वळ्या, खालची कड आडवी. कमरेला सहा सारख्या निऱ्या, कडा करकरीत, पायाशी किंचित उघडलेल्या. अंग जांभळ्या रेशमाचं, वळीच्या कडेला लालसर छटा, चमक मऊ. पदराची जमीन जुन्या सोन्याच्या रंगाच्या जरीची, त्यावर रंगीत रेशमाचे मोर. वळीच्या फुगवट्यावर जरीची उभी लकाकी, खोलगट भागात जर तपकिरी. अरुंद जरीकाठ निऱ्यांतून अखंड दिसतो. चित्राच्या डावीकडून एकच मोठा मऊ दिवा. मागे गडद राखाडी भिंत.’

खांद्याची बाजू दोनदा सांगितली आहे, ती मुद्दाम. समोर तोंड करून उभ्या असलेल्या पुतळ्याचा डावा खांदा चित्रात उजवीकडे येतो आणि नुसतं ‘डावा’ म्हटलं की साधनं अनेकदा गोंधळतात. ‘बिनडोक्याचा’ आणि ‘मॅट’ हे शब्द नसले तर पुतळ्याला हळूहळू माणसाचा चेहरा, हात आणि दागिने फुटतात. ‘पदर तरंगू नये’ असं नकारार्थी लिहिण्यापेक्षा ‘पदर सरळ लोंबतो’ हे बरं. नकार अनेक साधनांना नीट कळत नाही आणि ‘तरंगणं’ तेवढं पकडलं जातं. संवादातून चित्र काढणाऱ्या साधनांना असा मराठी मजकूर बहुधा समजतो. काही साधनांना इंग्रजीच लागतं, तिथे निऱ्या, पदर, काठ यांचं वर्णन करूनच सांगावं.

आलेलं चित्र मोठं करून आधी काठ तपासावा : तो कमरेपासून पायापर्यंत तुटला आहे का, प्रत्येक निरीच्या तळाशी त्याची रुंदी सारखी आहे का? मग मोर बघावेत. एकाच रांगेतले दोन मोर वेगळे निघाले, किंवा चोच आणि वेल एकमेकांत विरघळले, तर तो विणलेला नक्षीकाम नव्हे, रंगवलेला भास आहे. शेवटी पदराचं दुमडलेलं टोक. हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षीचे धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून पदर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. मागे नक्षीच नसेल, तर प्रॉम्प्टला एक वाक्य जोडावं : ‘पदराचं एक टोक उलटलेलं, मागच्या बाजूलाही तोच मोर स्पष्ट.’ दुरुस्ती करताना एका वेळी एकच वाक्य बदलावं, नाहीतर काठ कशाने सुधारला हे कळत नाही.

इतकं करूनही येणारी साडी कोणत्याही मागावर विणलेली नसते. तिच्या मोरांना विणकराच्या आलेखातली घरं नसतात, जरीला कसोटी नसते. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि त्या नावाखाली असं चित्र विक्रीच्या यादीत टाकणं ही गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक ठरेल, कारण त्याच्या हाती पडणारी साडी दुसरीच असणार. मांडणी ठरवायला मात्र ते पुरेसं आहे. दुकानदार ते चित्र फोटोग्राफरपुढे ठेवून दिव्याची जागा, पदराची लांबी आणि निऱ्यांची संख्या दाखवू शकतो, आणि मग कपाटातली खरी पैठणी काढून पुतळ्याला नेसवू शकतो.