चार्जरवरची बारीक ओळ

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला निघालेल्या आईवडिलांच्या खरेदीच्या यादीत ‘कन्व्हर्टर’ हा शब्द हमखास असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, की तिकडची वीज वेगळी आहे, आपला फोन जळेल. मग दुकानात जाऊन एक जड डबा आणला जातो, तो बॅगेत किलोभर जागा खातो आणि फोनच्या बाबतीत त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. फोनला लागतो तो फक्त अ‍ॅडॅप्टर, म्हणजे पिनांचा आकार बदलून देणारा छोटासा तुकडा. आपल्या चार्जरला तेवढाच पुरेल का, हे त्या चार्जरवरच छापलेलं असतं.

चार्जर उलटा करून पाहिला, की पिनांच्या बाजूला किंवा बुडाशी फिकट राखाडी अक्षरांत चार-पाच ओळी दिसतात. अक्षरं इतकी बारीक असतात, की चष्मा लावूनही लागत नाहीत. फोननं फोटो काढून मोठा करून पाहावं. त्यात एक ओळ साधारण अशी असते:

INPUT: 100-240V~ 50/60Hz 0.5A

या चार्जरला १०० ते २४० व्होल्टपर्यंतची कुठलीही घरगुती वीज चालते, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००, ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलियात २३०. सगळे आकडे या पट्ट्यात बसतात. पुढचं 50/60Hz म्हणजे विजेची दिशा सेकंदाला किती आवर्तनं करते त्याचा आकडा. आपल्याकडे ५०, अमेरिकेत ६०. चार्जरला दोन्ही चालतात.

हे त्याला जमतं कसं? जुन्या फोनचे चार्जर हातात जड लागायचे, कारण त्यांच्यात तांब्याच्या तारेचा ट्रान्स्फॉर्मर असायचा. तो आलेल्या व्होल्टेजला ठरलेल्या पटीत खाली आणायचा. वीज निम्मी आली, की बाहेरही निम्मीच पडायची. आताचा चार्जर भिंतीतली उलटसुलट वाहणारी वीज आधी सरळ, एका दिशेची करून घेतो आणि मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडतो. बाहेर पडणारं व्होल्टेज तो सतत मोजत असतो. कमी पडतंय असं दिसलं की तुकडे रुंद करतो, जास्त झालं की अरुंद. त्यामुळे भिंतीत १२० असोत की २३०, फोनकडे ठरलेले ५ किंवा ९ व्होल्टच जातात. वीज आधीच सरळ करून घेतल्यामुळे ५० की ६० हा प्रश्नही उरत नाही.

मात्र लेबलवर फक्त 230V किंवा 220-240V लिहिलेलं असेल, तर ती वस्तू अमेरिकेत किंवा जपानमध्ये अशीच लावून चालणार नाही. स्वस्तातले बिननावाचे चार्जर, जुने ट्रिमर, काही इमर्जन्सी दिवे यांत हे आढळतं.

आता पिनांकडे वळू. आपल्या फोनच्या चार्जरला बहुधा दोन बारीक गोल पिना असतात. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेनमध्ये त्या बऱ्याचदा अ‍ॅडॅप्टरशिवायच बसतात. अडचण आलीच तर ती जर्मनीसारख्या ठिकाणी, जिथे सॉकेट भिंतीत वाटीसारखं खोल असतं आणि चार्जरचा रुंद डबा आत जात नाही. अमेरिकेत दोन चपट्या उभ्या पट्ट्या लागतात आणि त्यांतली एक अनेकदा किंचित रुंद असते. ती एकाच बाजूनं आत जाते. अ‍ॅडॅप्टर शिरत नसेल तर दाबू नये, फिरवून पाहावा.

ब्रिटन, दुबई आणि सिंगापूरमध्ये तीन जाड चौकोनी पिनांचं सॉकेट असतं आणि तिथे आपल्या लोकांची एक सवय खरोखर धोक्याची आहे. त्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांवर आतून झडपा असतात. वरची अर्थिंगची लांब पिन आत गेली, की त्या उघडतात. लहान मुलानं भोकात काही खुपसू नये म्हणून केलेली ही सोय. आपण काय करतो, तर पेनचं टोक वरच्या भोकात खुपसून झडपा उघडतो आणि दोन गोल पिना खाली घुसवतो. पिना तिथे घट्ट बसत नाहीत, सैल जोड तापतो. शिवाय तिकडच्या प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज असतो, तो इथे मध्ये येतच नाही. तीन पिनांचा साधा अ‍ॅडॅप्टर कुठेही स्वस्तात मिळतो, तो घ्यावा.

मग कन्व्हर्टर लागतो कशाला? समजा, आईंनी १५०० वॉटची पाणी तापवायची किटली नेली. ती २३० व्होल्टसाठी बनवलेली. १२० व्होल्टवर लावली तर जळणार नाही, पण ताकद निम्म्यानं नव्हे, त्याच्या वर्गाच्या हिशेबानं घटते. जेमतेम ४०० वॉट उरतात. इथे साडेतीन-चार मिनिटांत उकळणारं लिटरभर पाणी तिथे तेरा-चौदा मिनिटं घेईल. उलटा प्रकार जास्त वाईट. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा, १५०० वॉटचा हेअर ड्रायर आपल्याकडे पिना बदलून लावला, तर तो साडेपाच हजार वॉट ओढू पाहतो आणि क्षणात त्याची तार जळते. अ‍ॅडॅप्टरनं व्होल्टेज बदलत नाही, हे विसरलं की असं होतं.

७५० वॉटचा मिक्सर तिकडे चालवायचा तर हजारभर वॉटचा, व्होल्टेज वाढवून देणारा ट्रान्स्फॉर्मर हवा. तो काही किलो वजनाचा असतो. त्यापेक्षा तिथल्या भारतीय दुकानांतून ११० व्होल्टचा मिक्सर घेणं सोपं. बाजारात हलके, तळहातावर मावणारे कन्व्हर्टरही मिळतात आणि त्यांच्यावर मोठ्या वॉटचा आकडा असतो. ते विजेची लाट कापून काम भागवतात. इस्त्री किंवा किटलीसारख्या निव्वळ तापणाऱ्या वस्तूला ते चालतं. फोन किंवा लॅपटॉपचा चार्जर मात्र त्यात कधीही लावू नये. असल्या तुटक विजेनं तो तापतो, बिघडूही शकतो. म्हणजे फोन वाचवायला घेतलेली वस्तूच फोनच्या चार्जरच्या मुळावर येते.

अमेरिकेतल्या घरात आणखी एक गोष्ट गोंधळात पाडते. तिथल्या सॉकेटला आपल्यासारखं बटण नसतं. काही खोल्यांत मात्र एखादं सॉकेट दारालगतच्या दिव्याच्या बटणाशी जोडलेलं असतं. रात्री दिवा मालवला की फोनचं चार्जिंगही बंद आणि सकाळी वाटतं, चार्जर गेला. बाथरूमजवळ किंवा स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर TEST आणि RESET अशी दोन छोटी बटणं असतात. तिथे वीज नसेल तर आधी RESET दाबून पाहावं.

लॅपटॉपची गोष्ट फोनपेक्षा थोडी वेगळी. त्याच्या तीन पिनांच्या प्लगसाठी दोन पट्ट्यांचा अ‍ॅडॅप्टर घेतला, तर अर्थिंग तुटतं. लॅपटॉप चालतो, पण त्याच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की झिणझिण्या जाणवतात. तिसरी गोल पिन असलेला अ‍ॅडॅप्टर घेतला की त्या थांबतात. फोनचं म्हणाल तर मुलाच्या घरी चार्जर असेलच. आपली केबल त्यात बसत असेल, तर ती तेवढी बॅगेत टाकली तरी पुरे.