आत नेमकी किती माणसं?

बंब दाराशी लागला की अग्निशमन अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'आत कुणी राहिलंय का?' लगेच दुसरा, 'किती जण?' संयोजक हातातला टॅब पुढे करतात. पडद्यावर आकडा असतो, पण तो कसा तयार झाला हे ठाऊक नसेल तर त्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

समजा, एका मोठ्या बंदिस्त सभागृहात गृहसजावटीचं प्रदर्शन भरलं आहे. दारावरची मुलं मोबाइलने पासवरचा क्यूआर कोड वाचतात. प्रत्येक वाचनाची एक नोंद होते: पास कोणता, दार कोणतं, आत की बाहेर, किती वाजता. एकाच पासाची दोनदा नोंद झाली तर माणसं दोन होत नाहीत. म्हणून नुसती 'आत'ची बेरीज करून 'बाहेर'ची वजाबाकी करायची नसते. प्रत्येक पासाची शेवटची नोंद पाहायची आणि ती 'आत' असेल तेवढेच पास मोजायचे.

दुपारी चार वाजता हिशेब असा दिसतो. दिवसभरात 2,400 पास आत आले. त्यांपैकी 700 पासांची शेवटची नोंद 'बाहेर' आहे. म्हणजे आत 1,700 जण. पण हॉलमध्ये चक्कर मारली तर एवढी गर्दी जाणवत नाही. कारण साधं आहे. आत येताना पास दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. निघताना मात्र हातात पिशव्या, कडेवर पोर, बाहेर रिक्षा थांबलेली. पास दाखवायला कोण थांबतो?

ही गळती किती, याचा माग नोंदींमध्येच सापडतो. काही जण चहाला बाहेर जाऊन परत येतात. अशा 200 पुनर्प्रवेशांपैकी 60 वेळा आधीची 'बाहेर' नोंदच नाही. 'आत'नंतर पुन्हा 'आत'. म्हणजे शंभरातली तीस निर्गमनं निसटली. हेच प्रमाण सगळ्यांना लावलं, तर नोंदलेले 700 हे खऱ्या निघून गेलेल्यांच्या सत्तर टक्केच. खरे गेलेले साधारण 1,000 आणि आत उरलेले 1,400. हाही अंदाजच, कारण घरी निघालेला माणूस चहाला गेलेल्यापेक्षा जास्त बेफिकीर असतो. म्हणून अधूनमधून दारांवर माणूस उभा करून अर्धा तास हाताने मोजणी करायची आणि प्रमाण ताडून पाहायचं.

दुसरी चूक उलट्या दिशेची. केटरर्सची पोरं, वायरमन, स्टॉलवरचे विक्रेते मागच्या दाराने येतात. त्यांच्याकडे तिकीट नाही, त्यामुळे ते यादीतही नाहीत. ते 130 असतील तर आकडा 1,530 होतो. निसटलेल्या प्रेक्षकांमुळे आकडा फुगतो, तेव्हा फार तर जवान रिकाम्या हॉलमध्ये कुणाला तरी शोधत फिरतात. पण मागच्या खोलीत अडकलेला आचारी यादीत नसेल, तर त्याला शोधायला कुणी जातच नाही. म्हणून मागच्या दारावर निदान वही तरी हवीच.

तिसरी अडचण नेटवर्कची. नेट गेलं तरी मोबाइल कोड वाचत राहतो, नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि नंतर पाठवतो. पडद्यावरचा आकडा तेवढा वेळ जुनाच असतो. हे ओळखायला प्रत्येक दारापुढे शेवटच्या नोंदीची वेळ दिसली पाहिजे. ऐन गर्दीत एखादं दार दहा मिनिटं गप्प असेल, तर तिथं माणसं येत नाहीत असं नव्हे, नेट बंद आहे असं समजावं. वीज गेली तर पडदाही जाईल, म्हणून दर पंधरा मिनिटांनी आकडा कागदावर उतरवून मुख्य दाराशी ठेवावा.

धोक्याची घंटा वाजली की त्या क्षणाचा आकडा गोठवायचा. त्यानंतर दारावर एकही पास तपासायचा नाही. अडसर, फिरती दारं सगळं मोकळं. ब्राझीलमधल्या सांता मारिया इथल्या 'किस' नाइटक्लबला 27 जानेवारी 2013 रोजी आग लागली. तिथं ग्राहक कार्डावर खर्च मांडून घेत आणि निघताना पैसे देत. लोक बिल बुडवून पळताहेत असं वाटून रखवालदारांनी सुरुवातीला दार अडवलं. त्या आगीत 242 जण गेले.

मोजणी करायची ती बाहेरच्या सुरक्षित मैदानात. तिथं 1,490 जण मोजले गेले, तर अंदाजे 40 जणांचा पत्ता नाही. ते आत असतील किंवा थेट घरी गेले असतील. ते कुठे आहेत हे आकडा सांगत नाही, कारण पासाला फक्त दार कळतं. स्वच्छतागृह, गोदाम, मंचामागची जागा पाहून आलेल्या स्वयंसेवकांचं 'रिकामं आहे' हे उत्तर आकड्याशेजारी लागतंच. आणि आकडा जुळला म्हणून शोध थांबवायचा नाही. तो निर्णय अग्निशमन अधिकाऱ्याचा.

एरवी प्रदर्शनातून निघताना दारावरच्या मुलाने पास मागितला, तर दोन सेकंद थांबा. घंटा वाजली असेल, तर मात्र कुणासाठीही थांबू नका, सरळ बाहेर पडा.