बदली शिक्षा म्हणून आली तर?

टोकावड्यात नेमणूक असलेल्या राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याची मुदतीआधीच दूरच्या शहरात बदली झाली, तर पहिला प्रश्न असा: आदेशामागे लेखी कारण आहे का? 2005 च्या महाराष्ट्र बदली कायद्यानुसार अशा बदलीला नोंदवलेली कारणे आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ती नसतील, तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते.

कारण खोटे निघाले तरी आदेश टिकत नाही. भोपाळचे केंद्रीय कर्मचारी सोमेश तिवारी यांच्याविरुद्ध निनावी तक्रार आली. चौकशीत काही सापडले नाही, तरी त्यांना शिलाँगला पाठवले. शिक्षेऐवजी केलेली ही बदली सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये रद्द केली.

मात्र, स्थगिती मिळवल्याशिवाय घरी बसणे फार धोक्याचे. गुजरात वीज मंडळाच्या आत्माराम पोशानी यांनी बदलीच्या जागी हजर होण्याचे टाळले. त्यांची नोकरी गेली आणि 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचीच बाजू उचलून धरली. न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले, की बदलीविरुद्धचे निवेदन नुसते प्रलंबित आहे म्हणून आदेश डावलता येत नाही. म्हणून आदेश हाती पडताच अर्जासोबत अंतरिम स्थगिती मागावी. ती मिळाली नाही, तर हजर व्हावे आणि लढा चालू ठेवावा.