सक्शनच्या नळांत हवा कोठून शिरते ?

विहिरीवरचा पंप सुरू केला कीं पहिला पाऊणएक तास धार भरघोस पडते. मग ती पांढुरकी होऊन फुरफुरूं लागते, पंपाच्या पोटांत खडे फिरावे तसा आवाज येतो, आणि थोड्याच वेळांत मोटर फिरत असूनहि पाटांत थेंब येत नाहीं. आमच्याकडील शेतकरी यास 'पंपानें पाणी सोडलें' किंवा 'पंपानें हवा धरली' असें म्हणतात. शेतीची वीज ठराविक तासच मिळते. त्यांतला निम्मा वेळ पंपांत पुन्हां पाणी भरण्यांत गेला, तर ऐन चैत्र-वैशाखांत उसाची पाळी चुकते. अशा वेळीं पहिला संशय विहिरीच्या तळाशीं असलेल्या फूट-व्हॉल्व्हवर, म्हणजे खेड्यापाड्यांतील बोलींत 'फुटबॉल'वर जातो. तो बदलून भागलें नाहीं तर दोष पंपावर येतो, आणि नव्या पंपाची किंमत विचारण्यापर्यंत मजल जाते. आमच्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक प्रकरणीं फुटबॉल निर्दोष व पंपहि निर्दोष, आणि खोड या दोहोंच्या मधल्या नळांत असें निघालेलें आहे. सबब प्रस्तुत लेखांत त्या मधल्या नळाचाच विचार करावयाचें योजिलें आहे.

प्रथम पंप पाणी कां सोडतो हें समजून घेतलें पाहिजे. सेंट्रिफ्यूगल पंपांतील पंखा आपल्या पोटांतील पदार्थ फिरवून कडेला फेकतो, आणि मध्यभागीं जी ओढ उत्पन्न होते तिनें खालचें पाणी वर चढतें. हा पंखा पाण्याला वीस मीटर उंच फेकूं शकत असेल, तर त्याच वेगानें तो हवेलाहि वीस मीटरच फेकणार. परंतु एक घनमीटर पाण्याचें वजन हजार किलो, तर तेवढ्याच हवेचें सुमारें सव्वा किलो. तेव्हां वीस मीटर हवेची ओढ पाण्याच्या हिशेबानें अवघी अडीच सेंटिमीटर भरते. म्हणजे पोटांत हवा असलेला पंप विहिरींतील पाणी दोन बोटेंहि वर उचलूं शकत नाहीं. पंप सुरू करण्यापूर्वीं त्यांत पाणी भरावें लागतें तें याचकरितां. पाण्याबरोबर थोडथोडी हवा येऊं लागली, तर जड पाणी कडेला फेकलें जातें व हलकी हवा पंख्याच्या मध्यभागीं सांचत जाते. शंभर भागांत दोन-तीन भाग हवा आली तरी धार घटते. पांच-सात भागांपुढें गेल्यास सामान्य पंप पाणी सोडून मोकळा होतो.

आतां पंप पाणी केव्हां सोडतो, उभा असतांना कीं चालतांना, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा. रात्रीं भरलेला पंप सकाळीं रिकामा आढळला, परंतु पुन्हां भरून सुरू केल्यावर दिवसभर बिनतक्रार चालला, तर संशय फुटबॉलवर धरण्यास हरकत नाहीं. त्याच्या झडपेखालीं काडी, खडा किंवा शेवाळ अडकलेलें असतें. उलट भरून सुरू केलेला पंप चालतां चालतां पाणी सोडीत असेल, तर फुटबॉलाची त्यांत फारशी भागीदारी नसते. चालत्या पंपांत ती झडप उघडीच असते. ती नीट मिटते कीं नाहीं याचा त्या वेळीं संबंधच येत नाहीं. इतका साधा भेद लक्षांत न घेतल्यामुळें कित्येक फुटबॉल उगाच बदलले जातात.

चालत्या पंपाच्या सक्शनच्या नळांतील गळती सहसा सांपडत नाहीं, कारण ती डोळ्यांस दिसत नाहीं. डिलिव्हरीच्या नळाचा सांधा ढिला असला तर त्यांतून पाण्याची पिचकारी उडते. सक्शनच्या नळांत मात्र पंप चालू असतांना बाहेरच्या हवेपेक्षां कमी दाब असतो. म्हणून ढिल्या सांध्यांतून पाणी बाहेर न येतां हवा आंत जाते, आणि सांधा बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो. कोरडा आहे म्हणून तो चांगला, असें अनुमान येथें काढतां येत नाहीं.

पंप थांबला कीं हीच गोष्ट उलटी होते. फुटबॉल पक्का मिटत असेल तर नळांतील पाणी त्याच्यावर उभें राहतें. डिलिव्हरीच्या नळांत मध्यें रिफ्लक्स-व्हॉल्व्ह नसेल तर वरचें सारें पाणीहि त्याचवर भार टाकतें. त्या वेळीं नळांत बाहेरच्यापेक्षां दाब जास्त, आणि जो सांधा मघां हवा ओढीत होता तोच आतां ठिबकूं लागतो. म्हणून पंप बंद केल्यावर लागलीच विजेरी घेऊन प्रत्येक सांध्याखालून कोरडें बोट फिरवावें. निम्म्या गळत्या येथेंच हातीं लागतात. राहिलेल्यांसाठीं कांहीं अधिक खटपट करावी लागते. तिचें एक उदाहरण विस्तारानें देत आहों.

सिन्नरकडील एका गांवीं दोघां चुलतभावांची सामाईक विहीर आहे. सात-बाराच्या इतर हक्कांत दोघांच्या पाळ्यांची नोंद आहे (आमची उमेद अशा नोंदी लिहिण्यांत गेली असल्यामुळें ती पाहिल्यावांचून आमचें समाधान होत नाहीं). सकाळची पाळी थोरल्याची, दुपारची धाकट्याची. थोरल्याच्या पाळींत पंप सुरळीत चाले, आणि धाकट्याची पाळी सुरू होऊन थोडा वेळ गेला कीं पाणी सोडी. "दादा, पाणी तुम्हीं उपसून घेतां आणि आमच्या वाट्याला हवा ठेवतां," असें धाकट्यानें चारचौघांत म्हटलें. थोरला संतापून म्हणाला, "अरे, पंप एक, नळ एक. मी काय जातांना हवा भरून जातों?" फुटबॉल दोनदां बदलून झाला होता, आणि बोलणी बंद होण्याची वेळ आली होती.

आम्हीं प्रथम पाण्याची पातळी मोजली. पंप विहिरींतल्या ओट्यावर होता. त्यापासून मीटरभर आडवा नळ, मग बेंड, आणि तेथून साडेपांच मीटर उभा नळ फुटबॉलापर्यंत. नळ ऐशीं मिलिमीटरचा, लोखंडी. सकाळीं पाणी बेंडाच्या दीड मीटर खालीं असे. पंप पाणी सोडी तेव्हां तें अडीच-तीन मीटर खालीं गेलेलें असे. येथेंच पहिली खूण मिळाली. जो सांधा सकाळीं पाण्यांत बुडालेला असतो तो हवा ओढूंच शकत नाहीं. ओढला तर पाणीच ओढणार. पातळी त्याच्या खालीं उतरली म्हणजे तो उघडा पडतो, आणि पातळी जसजशी आणखी खालीं जाते तसतशी त्या सांध्याशीं ओढ वाढत जाते. तेव्हां गळती दीड व अडीच मीटरांच्या मध्यें कोठें तरी असावी. त्या पट्ट्यांत एकच सांधा होता, बेंडाखालीं दोन मीटरांवर दोन नळ जोडणारें सॉकेट. परंतु तें दिसण्यांत कोरडें. पंप थांबल्यावर तें ठिबकत असलेंच, तर त्याच्या पाठीमागच्या पाझरत्या कपारीमुळें कळण्यास मार्ग नव्हता. शिवाय डिलिव्हरीवर रिफ्लक्स-व्हॉल्व्ह असल्यामुळें वरच्या पाण्याचा भारहि त्यावर येत नव्हता.

म्हणून संध्याकाळीं, पाणी साडेतीन मीटर खालीं असतांना, पंप बंद ठेवून आम्हीं तो वरच्या नरसाळ्यांतून कांठोकांठ भरविला व नरसाळें उघडें ठेवून तासभर थांबलों. नरसाळ्यांतील पाणी उतरलें. मग मापाच्या बादलीनें पुन्हां भरलें तेव्हां सतरा लिटर लागलें. ऐशीं मिलिमीटरच्या नळांत दर मीटरास पांच लिटर पाणी मावतें. पंपाच्या घरांतून उतरलेलें दोन लिटर वजा केलें असतां पंधरा लिटर, म्हणजे तीन मीटर नळ रिकामा झाला: एक मीटर आडवा आणि दोन मीटर उभा. पाणी बरोबर सॉकेटपाशीं येऊन थांबलें होतें. दोष फुटबॉलाचा असता तर तें विहिरीच्या पातळीपर्यंत उतरलें असतें आणि साडेचोवीस लिटर भरावें लागलें असतें. पुन्हां एक तासानें हीच परीक्षा केली, माप तेंच आलें. वाचकांनीं आपल्या नळाचें माप मात्र लक्षांत ठेवावें. पंचाहत्तर मिलिमीटरच्या नळांत मीटरास सुमारें चार लिटर चारशें मिलिलिटर पाणी मावतें.

दुसऱ्या दिवशीं सॉकेट उघडलें. आंतील आट्यांपैकीं दोन-तीन गंजून खाल्ल्या गेल्या होत्या, आणि पूर्वींच्या कारागिरानें सुतळी आट्यांच्या उलट दिशेनें गुंडाळली होती. त्यामुळें नळ फिरवितांना ती आंत न बसतां बाहेर निघाली होती. नवें सॉकेट आणून आट्या तारेच्या ब्रशानें घासल्या, सफेदा लावून सुतळी आट्यांच्या दिशेनें गुंडाळली व नळ आवळला. त्या दुपारीं पाणी चार मीटर खालीं जाईपर्यंत धार तुटली नाहीं. सॉकेटाचा खर्च दोघां भावांनीं निम्मा निम्मा वांटून घेतला.

ज्यांचा नळ बहुतेक आडवा आहे, नदीकांठच्या पंपांचा असतो तसा, त्यांस बादलीची ही परीक्षा फारशी उपयोगी नाहीं. सारे सांधे एकाच उंचीवर असल्यामुळें माप कांहींच सांगत नाहीं. त्यांनीं पंप चालू असतांना साबणाचा दाट फेस एकेका सांध्यावर थापावा. गळतीच्या जागीं फेस आंत ओढला जाऊन खळगा पडतो. वारा नसेल तर उदबत्तीचा धूरहि तीच जागा दाखवितो. ओली चिकणमाती एका सांध्यावर लिंपून धारेकडे पाहावें, धार भरली नाहीं तर दुसऱ्या सांध्यावर जावें. ही रीत सर्वांत धीमी, परंतु सर्वांत खात्रीची. रबरी नळी असेल तर तिच्या पट्ट्याखालचा भाग विशेष तपासावा, तेथें रबर उन्हानें तडकलेलें असतें. आडवा नळ पंपाकडे सारखा चढता असला पाहिजे. मध्येंच उंचवटा राहिला तर एकहि सांधा गळत नसतां तेथें हवा सांचते, आणि गळती शोधणारा फसतो.

पंपाच्या दांड्यावरील ग्लँड हें तर सर्वांत विसरलें जाणारें ठिकाण. ग्लँडच्या दोरींतून पाणी थेंब थेंब पडत राहिलें पाहिजे. तें थांबविण्यासाठीं नट करकचून आवळणारे पुष्कळ आहेत. ग्लँड अगदीं कोरडी झाली तर दोरी जळते, आणि जळलेल्या दोरींतून कांहीं पंप हवा ओढतात. चालत्या पंपाच्या ग्लँडवर तांब्याभर पाणी बारीक धारेनें ओतावें. तेवढ्यापुरती पंपाची धार सुधारली तर दोरी बदलावी. मात्र हात व पदर फिरत्या दांड्यापासून दूर ठेवावा, आणि पाणी मोटरीवर जाऊं देऊं नये.

आणि एवढें सर्व पाहूनहि हवा येतच असेल तर विहिरींत वांकून पाहावें. पाणी उतरून फुटबॉलावर हातभरच राहिलें असेल तर पृष्ठभागावर भोवरा पडतो आणि त्याच्या पोकळींतून हवा सरळ नळांत जाते. भोवऱ्यावर एक फळी तरंगत सोडावी. भोवरा मोडून आवाज बंद झाला तर नळांत दोष नाहीं. फुटबॉल आणखी खालीं न्यावा, आणि तळ लागला असेल तर पंप बंद करून झरा भरेपर्यंत थांबावें.