युद्धाने पळवलेला तास

नाशिकमध्ये २० ऑक्टोबर १९४३ रोजी पहाटे दोन वाजता एखादे मूल जन्मले, तर तेव्हा जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार किती वाजले होते? साडेपाच तास वजा करून आदल्या दिवसाचे साडेआठ असे उत्तर बहुतेक जण देतील. ते चूक आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळे एक तास पुढे केली होती, म्हणून उत्तर येते संध्याकाळचे साडेसात. पत्रिका मांडणाऱ्यांना हा 'युद्धकालीन तास' ठाऊक असतो, कारण लग्न तासाभरात साधारण अर्धी रास सरकते.

संगणक आणि मोबाइल असा हिशेब 'टीझेड डेटाबेस' नावाच्या नोंदसंग्रहाच्या आधारे करतात. तो आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केला. पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. जगातल्या प्रत्येक प्रदेशाचे घड्याळ कधी, किती सरकले याच्या नोंदी त्यात साध्या मजकुराच्या फायलींत असतात. त्यातल्या भारताच्या नोंदीचा शेवट असा आहे:

```
5:30 -    IST   1941 Oct
5:30 1:00 +0630 1942 May 15
5:30 -    IST   1942 Sep
5:30 1:00 +0630 1945 Oct 15
5:30 -    IST
```

प्रत्येक ओळीच्या शेवटची तारीख म्हणजे ती वेळ कधी संपली ते. मधल्या रकान्यातला 1:00 हा वाढीव तास. १९४२ च्या उन्हाळ्यात तो काढून टाकला होता, म्हणून ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली तेव्हा फरक साडेपाच तासांचाच होता. महिन्याभरात तो साडेसहा झाला. नुसते वर्ष पाहून भागत नाही ते यामुळे. लिनक्सवर पडताळून पाहता येते:

```
TZ=Asia/Kolkata date -d '1943-10-20 02:00' +%z
```

उत्तर +0630 येते. तारीख न देता आजचा फरक घेणारा प्रोग्राम इथे हमखास फसतो, आणि उत्तर दिसायला नीटच असते.

गंमत म्हणजे या संग्रहावर २०११ मध्ये खटला भरला तो ज्योतिषाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने. जुन्या वेळांची माहिती आपल्या पुस्तकातली आहे, असा तिचा दावा होता. पुढच्या वर्षी तिने तो मागे घेतला. तोवर संग्रहाची जबाबदारी 'आयाना' या संस्थेकडे गेली होती.

मुंबईच्या बाबतीत मात्र हा संग्रह अपुरा पडतो. एका विभागातली घड्याळे १९७० पासून सारखी चालली, एवढीच त्याची हमी आहे. त्याआधीची Asia/Kolkata ही नोंद कोलकात्याची. मुंबईची स्वतःची वेळ यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे भारतीय वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि १९०६ नंतरही शहरात ती बराच काळ वापरात राहिली. या संग्रहात तिचा स्वतंत्र विभाग नाही. तेव्हा आजोबांच्या जन्माची वेळ मुंबईच्या जुन्या कागदावर असेल, तर ती कोणत्या घड्याळाची आहे हे आधी त्या कागदातच शोधा. संगणक ते सांगू शकणार नाही.