दिसणारी कपात आणि न दिसणारी कपात

मकावच्या कॅसिनोंची बहुतांश कमाई ज्या खेळातून होते, तो बाकारा पणजीला मांडवीवर नांगरलेल्या जहाजांमध्येही खेळला जातो. बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजूंना पत्ते वाटले जातात आणि बेरजेचा शेवटचा अंक ज्याचा मोठा, तो जिंकतो. बँकरवर पैसे लावून जिंकले, तर कॅसिनो त्या जिंकलेल्या रकमेतून ५ टक्के कापून घेतो. ही कपात खेळणाऱ्याला खुपते. टाय किंवा पेअर लागली तर तिथे कसलीही कपात नाही, टायला आठपट आणि पेअरला अकरापट पैसे हातात पडतात. म्हणून बँकर महाग आणि बाजूच्या पैजा स्वस्त असा समज होतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे: तिथेही कपात आहे, आणि कितीतरी मोठी आहे. फक्त ती कुठे लिहिलेली नसते, देण्याच्या दरातच मुरलेली असते.

पेअरचा हिशेब कोणालाही कागदावर करता येईल. खेळात आठ कॅट असतात, म्हणजे ४१६ पत्ते. समजा प्लेअरचा पहिला पत्ता सत्ती निघाला. आता ४१५ पत्ते उरले आणि त्यांत सत्त्या ३१. दुसरा पत्ताही सत्तीच येण्याची शक्यता झाली ४१५ मध्ये ३१, म्हणजे साधारण साडेतेरा डावांत एकदा. पहिला पत्ता राणी असो की एक्का, हा आकडा बदलत नाही. पैज बरोबरीची व्हायची तर जिंकणाऱ्याला १२.४ पट मिळायला हवे. मिळते अकरापट. मधला फरक कॅसिनोचा, आणि तो लावलेल्या रकमेच्या १०.३६ टक्के भरतो.

टायचे गणित तिसऱ्या पत्त्याच्या नियमांमुळे किचकट होते, पण अंदाज सोपा आहे. बेरजा शून्य ते नऊ अशा दहाच असतात, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या येण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास असणार हे उघड आहे. नेमका आकडा ९.५२ टक्के आहे. दर १०,००० डावांत सुमारे ९५२ टाय येतील. प्रत्येक डावात १०० रुपये लावणाऱ्याला त्यातून ७,६१,६०० रुपये मिळतील आणि उरलेल्या ९,०४८ डावांत ९,०४,८०० रुपये जातील. तोटा जवळजवळ १,४३,००० रुपयांचा, म्हणजे शेकडा चौदाहून जास्त. तेच १०० रुपये बँकरवर लावले तर ४,५८६ डाव जिंकून, ५ टक्के कापूनही, ४,३५,६७० रुपये येतात. ४,४६२ डावांत ४,४६,२०० जातात. टाय झाली की लावलेले पैसे परत मिळतात. तोटा साडेदहा हजारांचा. बँकर इतका टिकतो, कारण तो मागून खेळतो. प्लेअरने तिसरा पत्ता घेतला असेल तर तो पाहून बँकरचा नियम ठरतो. उदाहरणार्थ, बँकरचे सहा असतील तर प्लेअरचा तिसरा पत्ता छक्की किंवा सत्ती असेल तरच तो आणखी पत्ता घेतो. ही सवलत इतकी मोठी आहे की कपात नसती तर बँकरवर खेळणारा कायमचा फायद्यात राहिला असता. पाच टक्क्यांची कपात अन्यायाची नाही ती यामुळेच.

यावर एक आक्षेप असा की बाजूच्या पैजेत रक्कमच लहान असते. पण टायवरच्या १०० रुपयांत सरासरी जेवढे जातात, तेवढे घालवायला बँकरवर सुमारे १,३५० रुपये लावावे लागतील. लहान दिसणारी पैज मोठ्या पैजेइतकीच खाते. दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे. टेबलाशेजारच्या फलकावर मागचे निकाल मांडलेले असतात आणि बराच वेळ टाय आली नाही की 'आता येणारच' असे वाटू लागते. डब्यातले पत्ते कमी होतात तशी शक्यता किंचित हलते, हे खरे. पण ती हलते कोणते पत्ते बाहेर पडले त्यावरून, टाय किती डाव रुसली त्यावरून नव्हे. आणि फलक तर फक्त निकाल दाखवतो. शिवाय चौदा टक्क्यांची दरी भरून काढायला एवढासा झुकाव पुरणारा नाही.

काही टेबलांवर टायला आठऐवजी नऊपट देतात. ही सूट दिसते त्यापेक्षा फार मोठी आहे, तेव्हा टेबलावर छापलेला दर आधी वाचावा. तरीही नऊपट देणाऱ्या टेबलावर कॅसिनोचा वाटा ४.८४ टक्के राहतो, म्हणजे बँकरवरच्या १.०६ टक्क्यांच्या चौपटीहून अधिक.