मोठ्या कोनासमोर मोठी बाजू : एका घडीची सिद्धता

त्रिकोणात मोठ्या कोनासमोर मोठी बाजू असते, हे नववीच्या भूमितीत बहुतेकांनी पाठ केलेलं असतं. का असते, असं विचारलं की लोक कंपासपेटीतलं कर्कटक काढून फाकवून दाखवतात. पाय जितके जास्त फाकवाल तितकी टोकं एकमेकांपासून लांब जातात. झालं, कोन वाढला, समोरची बाजू वाढली.

हे उत्तर पटतं, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं आहे. कर्कटकाचे पाय कधी लांब-आखूड होत नाहीत. आधी थोडे आणि मग जास्त फाकवले, तेव्हा आपण दोन निरनिराळ्या त्रिकोणांची तुलना केली. दोन बाजू त्याच ठेवून त्यांच्यामधला कोन वाढवला, तर तिसरी बाजू वाढते, एवढंच त्यातून दिसलं. आपला प्रश्न मात्र एकाच त्रिकोणातल्या दोन कोनांचा आहे. त्या दोन कोनांच्या भुजा सारख्या नाहीत, आणि त्रिकोण स्थिर आहे, काही फाकत नाही. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या पुस्तकात कर्कटकाचं प्रमेय चोविसावं आहे, आपलं प्रमेय अठराव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकावर आहे. चोविसाव्याची सिद्धता एकोणिसाव्याच्या आधाराने होते. म्हणजे कर्कटक दाखवणारा माणूस नकळत छताच्या आधाराने भिंत उभी करायला बघत असतो.

मग खरं कारण काय? ते कागदावर हाताने करून पाहण्यासारखं आहे. ८, १० आणि १२ सेंटिमीटर बाजूंचा एक त्रिकोण काढा आणि कापून घ्या. ८ आणि १२ सेंटिमीटरच्या बाजू जिथे मिळतात त्या शिरोबिंदूला अ म्हणू. आठच्या बाजूचं दुसरं टोक ब, बाराच्या बाजूचं दुसरं टोक क. म्हणजे अब ८, अक १२ आणि बक १०. सर्वांत मोठी बाजू अक, तिच्यासमोर ब हा कोन. लहान बाजू अब, तिच्यासमोर क हा कोन. कोन ब हा कोन क पेक्षा मोठा आहे, हे आपल्याला दाखवायचं आहे, आणि तेही कोनमापक न लावता.

आता अ मधून अशी घडी घाला की अब ही बाजू बरोबर अक वर येऊन पडेल. अब आखूड असल्याने ब हे टोक क पर्यंत पोचणार नाही. ते अक वर वाटेतच कुठेतरी पडेल. त्या जागी खूण करा आणि तिला ड म्हणा. घडीची रेघ समोरच्या बक बाजूला जिथे मिळते, तो बिंदू ई. घडी उलगडा आणि ई पासून ड पर्यंत एक रेघ ओढा.

घडी घातल्यावर त्रिकोण अबई हा त्रिकोण अडई वर तंतोतंत बसला होता. म्हणून ब पाशी जो कोन होता, तोच ड पाशी उमटला: कोन अडई म्हणजे कोन ब. मोठा कोन आता आपण उचलून अक या बाजूवर, क च्या शेजारी आणून ठेवला आहे. उजवीकडे उरलेला लहानसा त्रिकोण बघा, ई, ड आणि क यांचा. कोन अडई हा या त्रिकोणाच्या बाहेर आहे. कड ही बाजू अ च्या दिशेने वाढवली की होतो तो बाह्यकोन. त्रिकोणाचा बाह्यकोन हा त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा असतो, कारण तिन्ही आंतरकोन मिळून १८० अंश आणि सरळ रेषेवरचा कोनही १८० अंश. त्या दोन दूरस्थ कोनांपैकी एक कोन क आहे. म्हणजे कोन ब बरोबर कोन क अधिक आणखी काहीतरी. ते ‘आणखी काहीतरी’ म्हणजे ई पाशी असलेला कोन, आणि तो शून्य असू शकत नाही. सिद्धता संपली.

मला ही सिद्धता आवडते ती याच ‘आणखी काहीतरी’मुळे. मोठा कोन किती मोठा आहे, हे ती नेमकं बोट ठेवून दाखवते. आपल्या त्रिकोणात तो फरक मोजूनही बघता येतो. घडीमुळे अड ८ सेंटिमीटर झाली, म्हणून डक उरली ४. आणि बई किती? अ चा कोन घडीने दुभागला गेला, त्यामुळे समोरची १० ची बाजू ८ आणि १२ याच प्रमाणात, म्हणजे ४ आणि ६ अशी विभागली. म्हणून बई ४, आणि तिच्यावर बसलेली डई देखील ४. आता लहान त्रिकोणात डई ४ आणि डक ४, दोन्ही सारख्या. तो समद्विभुज निघाला. म्हणून ई पाशी असलेला कोन कोन क एवढाच आहे, आणि कोन ब हा कोन क च्या बरोबर दुप्पट. कोनमापक लावलात तर क पाशी सुमारे ४१.४ अंश आणि ब पाशी सुमारे ८२.८ अंश भरतील.

इथेच एक गैरसमज उघडा पडतो. कोन दुप्पट झाला, पण समोरची बाजू ८ वरून १२, म्हणजे दीडपटच. प्रमेय फक्त क्रम सांगतं: कोण मोठं, कोण लहान. किती पट, याबद्दल ते मौन पाळतं. ३०, ६० आणि ९० अंशांच्या गुण्यातही कोन एकास दोनास तीन असतात, पण सर्वांत मोठी बाजू सर्वांत लहान बाजूच्या फक्त दुप्पट असते. कोनांवरून बाजूंचं प्रमाण काढायचं, तर ज्या (साइन) लागते, आणि ते प्रकरण निराळं.

युक्लिडने घडी घातली नाही. तोही अक वर अब एवढं अंतर घेऊन ड बिंदू मिळवतो, पण तो ड थेट ब ला जोडतो. त्रिकोण अबड समद्विभुज झाला, म्हणून त्याचे पायाचे दोन्ही कोन सारखे. त्यातला ड पाशी असलेला कोन हा बडक या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणून कोन क पेक्षा मोठा. आणि ब पाशी असलेला त्याचा जोडीदार तर संपूर्ण कोन ब चा एक भागच आहे. म्हणून कोन ब आणखीच मोठा.

आतापर्यंत आपण ‘बाजू मोठी, म्हणून कोन मोठा’ एवढंच दाखवलं. ‘कोन मोठा, म्हणून बाजू मोठी’ हा व्यत्यास वेगळा सिद्ध करावा लागतो, कारण विधान खरं असलं की त्याचा व्यत्यास खरा असतोच असं नाही. पण इथे तो जवळजवळ फुकट मिळतो. समजा, कोन ब हा कोन क पेक्षा मोठा आहे. अक आणि अब यांच्यात तीनच शक्यता: सारख्या, अक लहान, किंवा अक मोठी. सारख्या असत्या तर दोन्ही कोन सारखे झाले असते. अक लहान असती, तर आत्ताच सिद्ध केलेल्या प्रमेयाने कोन ब लहान झाला असता. दोन्ही गोष्टी खोट्या, म्हणून तिसरीच उरते. काटकोन त्रिकोणात कर्ण सर्वांत मोठा का, याचं उत्तरही आलं: काटकोनाहून मोठा कोन तिथे मावतच नाही. बिंदूपासून रेषेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर लंबाचं असतं, ते याचमुळे.

याच व्यत्यासावर युक्लिडचं पुढचं, विसावं प्रमेय उभं आहे: त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते. पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस सांगतो की एपिक्युरसचे अनुयायी या प्रमेयाची थट्टा करत. गाढवाला एका टोकाशी उभं करून दुसऱ्या टोकाशी चारा ठेवला, तर ते सरळच जातं, वळसा घेत नाही. गाढवाला कळतं ते सिद्ध कशाला करायचं? प्रोक्लसचं उत्तर असं की डोळ्यांना दिसणं वेगळं आणि कारण कळणं वेगळं. कारण काय, तर बअ ही बाजू अ च्या पुढे अक एवढीच वाढवा आणि नव्या टोकाला ड म्हणा. त्रिकोण अकड समद्विभुज झाला, म्हणून ड पाशी असलेला कोन अकड या कोनाएवढा, आणि तो बकड या मोठ्या कोनाचा फक्त एक तुकडा. म्हणजे त्रिकोण बकड मध्ये क पाशी असलेला कोन ड पाशी असलेल्या कोनापेक्षा मोठा. म्हणून त्याच्यासमोरची बड ही बाजू बक पेक्षा मोठी. आणि बड म्हणजे बअ अधिक अक.

आता हाच त्रिकोण पृथ्वीच्या गोलावर नेऊ. एक शिरोबिंदू उत्तर ध्रुवावर, दुसरे दोन विषुववृत्तावर, एकमेकांपासून ९० अंशांवर. तिन्ही कोन काटकोन. कुठलाही बाह्यकोन काढा, तोही काटकोनच. दूरस्थ आंतरकोनापेक्षा तो मोठा नाही, त्याच्याएवढाच आहे. ज्या पायरीवर आपल्या दोन्ही सिद्धता उभ्या होत्या, तीच इथे निखळते. तरीही प्रमेय मात्र टिकतं! प्रत्येक बाजू गोलाच्या मोठ्या वर्तुळाच्या अर्ध्याहून लहान असेल, तर गोलावरही मोठ्या कोनासमोर मोठीच बाजू असते. पहिल्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या मेनेलाउसने आपल्या ‘स्फेरिका’ या ग्रंथात गोलावरच्या त्रिकोणांसाठी हे प्रमेय दिलं आहे. मूळ ग्रीक ग्रंथ हरवला. तो आपल्याला अरबी अनुवादांतून मिळाला.

गोलावर कारण वेगळं द्यावं लागतं. कोन ब हा कोन क पेक्षा मोठा असेल, तर ब मधून अशी रेघ ओढा की तिने बक शी केलेला कोन बरोबर कोन क एवढा होईल. ती रेघ अक ला ड मध्ये मिळेल. सारख्या कोनांमुळे डब आणि डक सारख्या. मग अक म्हणजे अड अधिक डक, म्हणजेच अड अधिक डब, आणि हा वळसा थेट अब पेक्षा लांबच पडणार. बाह्यकोनाचं नावही घ्यावं लागलं नाही. सपाट कागदावर युक्लिडला हा सोपा रस्ता बंद होता, कारण वळसा लांब पडतो हे त्याने याच प्रमेयावरून सिद्ध केलं होतं. तो रस्ता धरला असता तर गोल गोल फिरणं झालं असतं. गोलावर वळसा का लांब पडतो, हे ‘एलिमेंट्स’च्या अकराव्या पुस्तकातल्या विसाव्या प्रमेयातून, घन कोनाच्या तीन कोनांवरून निघतं. आणि त्या प्रमेयाच्या सिद्धतेत युक्लिड आधार घेतो तो पहिल्या पुस्तकातल्या विसाव्याचा, गाढवाला ठाऊक असलेल्या त्याच प्रमेयाचा.